मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवसाच्या फोटोखाली काय लिहायचं: घाबरलेल्या आईसाठी, अगदी आदल्या रात्रीपासून

जूनमध्ये माझी मनू नर्सरीत गेली, साडेतीन वर्षांची. चिपळूणचा पाऊस, त्यात सकाळी नऊची शाळा, त्यामुळे फोटो काढला तो दारातच, रेनकोट घालायच्या आधी. फोटो छान आला पण त्याखाली लिहायला दोन ओळी मला दुपारी तीनपर्यंत सुचत नव्हत्या, आणि जे सुचत होतं ते सगळं कुणीतरी आधीच लिहिलेलं होतं. "कधी मोठी झाली कळलंच नाही", "छोटीशी परी निघाली शाळेला", "नव्या प्रवासाच्या शुभेच्छा बाळा". ही वाक्यं खोटी नाहीयेत, मला खरंच तसं वाटत होतं. पण त्यात मनू कुठेच नव्हती. तिच्या जागी दुसऱ्या कुणाचंही मूल ठेवलं तरी वाक्य तसंच राहिलं असतं.

मग मी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात जे लिहिलं ते कसं झालं ते इथे नीट क्रमाने सांगते, कारण या वर्षी माझ्या नणंदेला आणि दोन मैत्रिणींना हेच सांगितलं आणि तिघींचंही काम झालं. सगळ्या कॅप्शनचं मूळ एकच आहे: त्या सकाळी मुलाने बोललेलं एक वाक्य आणि आईने केलेली एक गोष्ट. बाकी सगळं गाळायचं.

आदल्या रात्री: फोनमध्ये एक रिकामी नोट उघडून ठेवा

पहिल्या दिवशी सकाळी आपण घाईत असतो आणि मूल सगळ्यात जास्त बोलतं ते याच वेळी, बूट घालताना, वेणी घालताना, दूध पिताना. आणि ते आपल्याला अर्ध्या तासात आठवेनासं होतं. आठवतो तो फक्त अर्थ, शब्द जातात, आणि कॅप्शनला नेमके शब्दच लागतात. म्हणून आदल्या रात्रीच फोनमध्ये नोट उघडून ठेवायची, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करायची सोय असते ती वरती पिन करून ठेवायची. सकाळी टाईप करायला हात मोकळा नसतो, त्यामुळे मी सरळ पाच-सात सेकंदांचा व्हॉइस मेसेज स्वतःला पाठवत होते, "मनू म्हणाली नॅपकिनवरचा ससा पण शाळेत येणार", बस एवढंच.

मुलाचं वाक्य जसंच्या तसं पकडा. "ती म्हणाली की तिला भीती वाटत नाही" असं आपल्या भाषेत वळवून लिहिलं की मजा गेली. मनूने विचारलं होतं "बाईंना माझं नाव कोण सांगणार?" आणि हे मी नोटमध्ये नुसतं "नावाबद्दल विचारलं" असं लिहिलं असतं तर आज मला यातलं काही मिळालं नसतं.

एक गोष्ट मात्र करू नका, मुलाकडून वाक्य काढून घेऊ नका. माझ्या मैत्रिणीने कॅमेरा लावून "सांग, आज तू कुठे चाललास? कसं वाटतंय?" असं चार वेळा विचारलं आणि चौथ्या वेळी मुलगा रडायला लागला. त्या वयाच्या मुलाला आधीच कळतं की घरात आज काहीतरी वेगळं चाललंय, सगळे जरा जास्तच गोड बोलतायत, त्यात प्रश्नांची सरबत्ती नको. आपण आपली कामं करत राहायचं, बोलायचं ते ती बोलतातच.

सकाळी: स्वतःचीही एक हालचाल लिहून ठेवा

आपण घाबरलेलो असतो ते कॅप्शनमध्ये यायला हवं, पण "खूप टेन्शन आलंय", "जीव कासावीस झालाय", "पोटात गोळा आला" असं लिहिलं की वाचणारा मान डोलावून पुढे जातो. त्याऐवजी त्या भीतीमुळे आपल्या हातांनी काय केलं ते बघा. मी त्या सकाळी मनूचा डबा चार वेळा उघडून बघितला. आत एक पोळीचा रोल आणि सफरचंदाच्या चार फोडी होत्या, चारही वेळा तेवढंच होतं. मग ती झाकण उघडू शकते का ते तिच्याकडून दोनदा करून घेतलं. मग बॅगेत नॅपकिन टाकला, मग आणखी एक टाकला. मग रिक्षा आल्यावर परत घरात जाऊन जादा फ्रॉक आणला जो बॅगेत आधीच होता.

यातलं काहीही आपण त्या वेळी हसण्यासाठी करत नसतो, आणि म्हणूनच ते वाचताना हसू येतं आणि पोटात काहीतरी हलतंही. गंमत वेगळी आणावी लागत नाही. फक्त आकडा खरा ठेवा. "डबा चार वेळा उघडला" हे वाचणाऱ्या आईला लगेच दिसतं, "डबा शंभर वेळा उघडला" म्हटलं की ते नुसतं बोलणं होतं. मी पहिल्यांदा "हजारदा" लिहिलं होतं, ते खोडलं आणि वाक्य एकदम जागेवर बसलं.

दुपारी: शाळेतून आल्यावर काय विचारायचं

बऱ्याच वेळा कॅप्शनचं वाक्य सकाळी मिळत नाही, ते मूल परत आल्यावर मिळतं. पण "आज शाळेत काय केलंस?" असं विचारलं तर उत्तर येतं "काही नाही" किंवा "खेळलो". एवढा मोठा प्रश्न त्या वयाच्या मुलाला सांगायला जमतच नाही. छोटी आणि हातात धरता येईल अशी गोष्ट विचारा. डब्यातलं आधी काय खाल्लं? तुझ्या शेजारी कोण बसलं होतं, त्याचा डबा कुठल्या रंगाचा होता? बाईंच्या टेबलावर काय होतं? कोण रडलं, मग त्याला कोणी गप्प केलं? मनूला विचारलं की कोण रडलं, तर ती म्हणाली "एक आई."

तेही मी लिहून ठेवलं.

आणि हे विचारायचं ते घरी येऊन, कपडे बदलून, पोटात काहीतरी गेल्यावर. गेटवर नाही. गेटवर ती फक्त बिलगतात.

आता लिहायला बसा: चार खर्डे, माझेच

माझ्याकडे दुपारी एवढा माल होता: नावाचा प्रश्न, ससा, डबा चार वेळा, दोन नॅपकिन, जादा फ्रॉक, रडणारी आई, आणि एक वाक्य जे मी अजून तुम्हाला सांगितलेलं नाही. दारात, फोटो काढायच्या क्षणी, मनूने माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, "आई, तुझा डबा कुठंय?" तिला वाटत होतं मी पण शाळेत बसणारे, तिच्याबरोबर, सुट्टी होईपर्यंत. दोन महिने आम्ही घरात "आपण शाळेत जायचं हं", "आपल्याला नवीन बॅग आणायची हं" असंच म्हणत होतो ना, "आपण" म्हणजे ती आणि मी असंच तिने धरलं होतं. चूक आमचीच होती, भाषेची पण थोडी.

पहिला खर्डा मी असा लिहिला: "माझी चिमुकली आज पहिल्यांदा शाळेत निघाली. कधी एवढी मोठी झाली कळलंच नाही. डोळे भरून आले." यात काय बिघडलंय ते वर सांगितलंच, यात मनू नाही.

दुसऱ्यात मी सगळंच घातलं, ससा, नाव, डबा, नॅपकिन, फ्रॉक, पाऊस, रिक्षा, गेट, रडणारी आई. चौदा-पंधरा ओळी झाल्या. प्रत्येक गोष्ट गोड होती आणि एकत्र वाचली की एकही लक्षात राहत नव्हती, कारण वाचणारा पहिल्या गोष्टीवर हसेपर्यंत दुसरी येऊन धडकते. इथे मन घट्ट करावं लागतं. मी नोटमधल्या सगळ्या वाक्यांपुढे एकच प्रश्न विचारला: हे वाक्य नवऱ्याला फोनवर आधी सांगितलं होतं का? मी त्याला गेटवरूनच फोन केला होता आणि पहिलं वाक्य डब्याचंच सांगितलं होतं. म्हणजे तेच खरं. बाकीची कुठे जात नाहीत, ती नोटमध्ये राहतात.

तिसरा असा: "दारात मनू म्हणाली, 'आई, तुझा डबा कुठंय?' तिला वाटत होतं मी पण तिच्यासोबत दिवसभर शाळेत बसणार आहे. किती निरागस असतात ना मुलं!" इथे वाक्य मिळालं पण मी लगेच ते समजावून सांगितलं, आणि वरून "निरागस" असं लेबल पण लावलं. वाचणाऱ्याला डब्याच्या प्रश्नावर स्वतःला अर्थ लागायला एक क्षण लागतो आणि तो क्षणच महत्त्वाचा आहे, तिथेच हसू येतं आणि तिथेच घशात काहीतरी येतं. तो आपण त्याच्याकडून काढून घ्यायचा नाही.

चौथा, जो मी टाकला:

"सगळं भरलं. डबा, बाटली, नॅपकिन, जादा फ्रॉक.
दारात मनू म्हणाली, 'आई, तुझा डबा कुठंय?'
गेट आलं तरी मला उत्तर सुचलं नव्हतं."

पहिल्या ओळीत आईची घाई आणि धास्ती आहे, शब्द न वापरता. "सगळं भरलं" म्हटल्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं आता काही राहिलं नाही, आणि दुसऱ्या ओळीत कळतं की मनूच्या हिशेबात एक राहिलंय. तिसरी ओळ माझी. ती लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण तिथे "आणि मला रडू आलं" असं लिहायचा मोह होता. पण रडू मला आलं ते घरी येऊन बाटली विसळताना, गेटपर्यंत मी खरंच उत्तरच शोधत होते, आणि तेच लिहिलं. खरं काय घडलं ते आठवून लिहिलं की शेवट आपोआप साधा होतो.

अजून एक बघा, फोटोत जे दिसतंय ते मी लिहिलेलं नाही. फोटोत नवीन बॅग दिसते, पिवळे गमबूट दिसतात, दोन वेण्या दिसतात. डबा आणि फ्रॉक बॅगेच्या आत आहेत, ते दिसत नाहीत, म्हणून ते ओळीत आले. "पिवळे गमबूट घालून निघाली स्वारी" असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला तीच गोष्ट दोनदा मिळाली असती. आणि मनू फोटोत कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, ती माझ्या हातांकडे बघतेय. आधी मी तो फोटो वगळून सरळ बघत असलेला निवडला होता. कॅप्शन झाल्यावर परत तोच घेतला, कारण आता त्या नजरेला अर्थ आला होता.

मुलाची भाषा कशी लिहायची

तुमच्या घरात "कुठंय" म्हणतात, "कुठाय" म्हणतात की "कुठं हाय", तेच लिहा. "तुझा डबा कुठे आहे?" असं पुस्तकी केलं की ते मूल बोलत नाही, त्याच्या तोंडून मोठं माणूस बोलतं. बोबडे शब्द मात्र जपून. एका कॅप्शनमध्ये एखादाच ठेवा, "थाळा" किंवा "लिक्षा", तोही तेव्हाच जेव्हा त्या शब्दातच गंमत आहे. सगळं वाक्य बोबडं लिहिलं तर वाचणारा ते कोड्यासारखं सोडवत बसतो आणि वाक्याचा अर्थ मागे राहतो.

टाईप करताना एक चूक मी दर जूनमध्ये बघते, "शाळेचा पहिला दीन". ऱ्हस्व "दिन" म्हणजे दिवस, दीर्घ "दीन" म्हणजे गरीब, केविलवाणा. तो मुलगा फोटोत ऐटीत उभा असतो आणि खाली दीन. सरळ "दिवस" लिहा, प्रश्नच मिटतो. बोलून टाईप करत असाल तर मुलाचं नाव हाताने तपासा, माझ्या फोनने मनूची तीन वेळा "म्हणून" केली होती.

इमोजी शेवटी एखादा चालतो. मुलाच्या वाक्याच्या मध्ये कधीच नाही, तिथे तो वाचणाऱ्याला सांगतो की आता हसा.

कुठे टाकताय त्याप्रमाणे लांबी

इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण फीडमध्ये साधारण सव्वाशे अक्षरं दिसतात आणि पुढचं वाचायला टॅप करावं लागतं. आणि मराठीत ही सव्वाशे लवकर संपतात. कारण फोन काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळं वेगळं मोजतो. "शाळा" आपल्याला दोन अक्षरं वाटतात, फोनच्या हिशेबात ती चार. "म्ह" म्हणजे तीन, कारण पाय मोडल्याची खूणही मोजली जाते. वरचं माझं कॅप्शन असं मोजलं तर एकशेवीसच्या आसपास येतं. शिवाय एंटर मारून ओळी तोडल्या तर कधी कधी दोन ओळींनंतरच ते कापलं जातं. म्हणून इन्स्टावर मी पहिल्या दोन ओळी तोडल्या नाहीत, सलग लिहिल्या, म्हणजे डब्याचा प्रश्न टॅप न करताच वाचता येतो. मुलाचं वाक्य दुमडलेल्या भागात गेलं तर अर्ध्या लोकांना ते दिसतच नाही, ते फक्त "सगळं भरलं" वाचून लाईक करून जातात.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसचं वेगळं. तिथे कॅप्शन फोटोच्या खालच्या भागावर येतं, आणि पहिल्या दिवसाच्या फोटोत खाली नेमके नवे बूट असतात ज्यावर आपला आणि मुलाचा सगळा जीव असतो. मोठं कॅप्शन टाकलं की गमबूट गेले. स्टेटसला फक्त मधली ओळ ठेवा, दारातली. आणि टाकण्याआधी एकदा नीट वाचा, तिथे चूक राहिली की काढून परत टाकावं लागतं. चॅटमधला मेसेज मात्र पाठवल्यापासून १५ मिनिटांत एडिट करता येतो.

नातेवाईकांच्या ग्रुपवर कॅप्शन टाकून भागत नाही. तिथे आजी, मावशी, काकू सगळ्यांना आधी एकच माहिती हवी असते: रडली का? ते पहिल्या ओळीत सांगून टाका, डबा खाल्ला का ते दुसऱ्या ओळीत, आणि मग खाली कॅप्शन. नाहीतर माझ्यासारखं होईल, मी तीन ओळी टाकल्या आणि सासूबाईंचा लगेच फोन, "ते ठीक आहे गं, पण रडली का?" त्यांचं बरोबर होतं, त्या सकाळपासून देवापाशी दिवा लावून बसल्या होत्या.

पोस्ट करण्याआधी फोटोचे कोपरे बघा

हे कॅप्शनचंच काम आहे असं मी धरते, कारण आपण कॅप्शनमध्ये जे लिहीत नाही ते फोटो सांगून टाकतो. गळ्यातलं ओळखपत्र, त्यावर नाव, वर्ग, कधी कधी आपला फोन नंबर. शर्टावरचा शाळेचा बिल्ला. मागे उभ्या स्कूल व्हॅनचा नंबर. दाराबाहेरची नावाची पाटी. झूम करून एकदा बघा, कार्ड उलटं करून फोटो काढा नाहीतर क्रॉप करा. शाळेचं नाव, वर्ग आणि सुटायची वेळ या तीन गोष्टी एका पोस्टमध्ये एकत्र कधीच नकोत, लोकेशन टॅग पण नको. आणि पोस्ट मूल घरी आल्यावर करा, ते शाळेत असताना नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशोत्सव असतो, गुलाबाची फुलं, नवी पुस्तकं, काही गावांत तर सजवलेल्या बैलगाडीतून मुलांची मिरवणूक. तिथले फोटो सुंदर येतात पण चौकटीत दहा पोरं असतात आणि मागे शाळेच्या नावाचा बॅनर. बाकीच्या मुलांच्या आयांना विचारल्याशिवाय त्यांचे चेहरे टाकू नका. आपल्या मुलाच्या हातातलं फूल आणि पुस्तक एवढाच तुकडा घेतला तरी फोटो होतो, आणि मग कॅप्शनला मूल काय म्हणालं ते. माझ्या नणंदेच्या मुलाने गुलाब बाईंना परत दिला, "हे घ्या, तुमचं राहिलं."

मूल रडलं तर, आणि रडलं नाही तर

रडणाऱ्या चेहऱ्याचा फोटो टाकून खाली गमतीचं काही लिहू नका. तीच गोष्ट ओल्या चड्डीची, उलटीची. मुलाला त्या वेळी लाज वाटलेली असते, आणि दहा वर्षांनी त्याच्या वर्गातली पोरं हा फोटो शोधून काढतील. रडण्याबद्दल लिहायचंच असेल तर रडणं कुठे जाऊन संपलं तेही घडू द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत, नाहीतर चार दिवस थांबा. माझ्या एका मैत्रिणीने असं लिहिलं, तिला विचारून इथे देते:

"नऊला बाईंची ओढणी धरून रडत होता.
साडेअकराला बाहेर आला तेव्हाही ओढणी हातातच. आता सोडून घरी यायचं नव्हतं."

तिने फोटो टाकला तो फक्त हाताचा आणि निळ्या ओढणीचा. बाईंना आधी विचारलं होतं.

जे मूल मागे वळूनही न बघता आत पळतं त्याच्या आईचं दुःख वेगळंच असतं आणि ते कुणाला सांगता येत नाही, कारण सगळे म्हणतात "बरं झालं की!" दुसऱ्या मैत्रिणीचं तसं झालं. तिचा पहिला खर्डा होता "माझा शूर वीर". मी तिला विचारलं, तो आत पळाला तेव्हा तू काय करत होतीस? ती म्हणाली टाटा करायला हात वर केला होता. मग? मग काही नाही, हात तसाच राहिला आणि एक रिक्षावाला थांबला. तेच आम्ही लिहिलं:

"टाटा करायला हात वर केला तोवर तो घसरगुंडीवर होता.
हात खाली घ्यायचं विसरले. दोन मिनिटांनी एक रिक्षा येऊन थांबली, 'कुठे जायचंय ताई?'"

यात शूर, वीर, अभिमान, काहीच नाही आणि तरी तिचा मुलगा दिसतो आणि रस्त्यावर उभी असलेली ती पण दिसते. "कुठे जायचंय" हा रिक्षावाल्याचा रोजचा प्रश्न, पण त्या दिवशी तिला खरंच माहीत नव्हतं की आता अडीच तास कुठे जायचं.

शेवटची तपासणी: मुलाला वाचून दाखवा

पोस्ट करण्याआधी कॅप्शन मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. साडेतीन वर्षांच्या मुलाला सगळं कळत नाही पण आपल्यावर हसतायत का ते बरोबर कळतं. ऐकताना चेहरा पडला, किंवा "असं नको सांगू" म्हणाली, तर ते कॅप्शन रद्द, कितीही चांगलं झालेलं असलं तरी. आणि "मी असं नाही म्हणाले" असं म्हणाली तर बहुतेक तिचंच बरोबर असतं, व्हॉइस मेसेज परत ऐका.

मी मनूला रात्री अंथरुणात वाचून दाखवलं. ती गंभीरपणे ऐकत होती. डब्याच्या ओळीला तिने मान हलवली, हो, असं विचारलं होतं. मग संपल्यावर थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग तू कोणाच्या डब्यातलं खाल्लंस?"

हे मी पोस्टमध्ये जोडलं नाही. फोटोची एक प्रिंट काढून आणली आणि तिच्या मागे पेनने तारीख घालून एवढंच लिहिलंय.